उघडून बघा ना, बाई!

निरोप समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘सत्काराला उत्तर’ ही ओळ बहुधा खालून तिसरी असते. तिच्याखाली फक्त अध्यक्षीय भाषण आणि आभार. त्याआधी दीपप्रज्वलन झालेलं असतं, स्वागतगीत झालेलं असतं, प्रास्ताविक लांबलेलं असतं, सरपंच, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष ‘दोनच शब्द’ बोलून बसलेले असतात. मंडपामागे मसालेभाताच्या पातेल्याचं झाकण निघालेलं असतं आणि सतरंजीवरची पहिली-दुसरीची पोरं एकमेकांना ढोसायला लागलेली असतात. अशा वेळी ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या एका हातात माईक येतो. दुसऱ्या हातात चकचकीत कागदात गुंडाळलेला खोका असतो. आत काय आहे, हे त्यांना माहीत नसतं.

गोम इथेच आहे. आपल्याकडे भेटवस्तू व्यासपीठावर उघडायची पद्धत नाही. भेट दिली, फोटो निघाला, टाळ्या पडल्या की खोका टेबलावर जातो आणि घरी गेल्यावर उघडला जातो. म्हणजे शिक्षक आभार मानतात ते बंद खोक्याचे. बंद खोक्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं, म्हणून मग तयार वाक्यं मदतीला येतात. शब्द अपुरे पडतात. मन भरून येतं. ऋणातून उतराई होण्यापेक्षा ऋणातच राहणं पसंत केलं जातं. यातलं काहीही खोटं नसतं, मनापासून बोललेलंही असतं. पण हीच वाक्यं गेल्या वर्षी बदलून गेलेल्या गुरुजींनी म्हटलेली असतात आणि मुलांना ती आठवत असतात.

एवढं बोलायला एक मिनिट पुरतं. माईक अजून हातात असतो, समोर ओळीने बसलेली मुलं असतात आणि वीस-तीस वर्षांची सवय असते. मग ‘मुलांनो, आयुष्यात एक लक्षात ठेवा’ असं म्हणून शेवटचा तास सुरू होतो. वेळेचं महत्त्व, आईवडिलांची सेवा, मोबाइलचे दुष्परिणाम, जिद्द, चिकाटी. निरोपाच्या भाषणात उपदेश शिरतो तो बहुतेक वेळा अहंकारामुळे नाही. बोलायला काहीतरी हवं असतं आणि हाताशी असलेलं एवढंच असतं, म्हणून तो शिरतो.

तेव्हा पहिला उपाय अगदी साधा आहे. खोका तिथेच उघडायचा. मुलांनाही तेच हवं असतं. मागच्या रांगेतून ‘उघडून बघा ना, बाई’ असा आवाज बहुतेक शाळांत येतोच, आणि बहुतेक शाळांत सूत्रसंचालक तो गप्प करतात. ही भेट आणायला कोण तालुक्याला गेलं, कोणता रंग ठरला होता आणि शेवटी कोणता मिळाला, पैसे कमी पडले तेव्हा काय झालं, हे सगळं त्या पोरांच्या पोटात मावत नसतं. बाईंचा चेहरा त्यांना या क्षणी बघायचा असतो, उद्या नाही.

एक उदाहरण बांधून पाहू. पाचवी ते सातवीचा वर्ग, सहा वर्षं शिकवून बदलून निघालेल्या बाई. खोक्यातून भिंतीवरचं घड्याळ निघालं आणि त्यासोबत चित्रकलेच्या कागदाची घडी घालून केलेलं भेटकार्ड. कार्डावर स्केचपेनने शाळा काढली आहे, पुढे हातपंप आहे. बाईंनी आधी घड्याळ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, मग कार्ड उघडून पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली:

“घड्याळ छान आहे. आपल्या वर्गातलं घड्याळ दोन वर्षं दहा मिनिटं मागे होतं आणि मधली सुट्टी संपली की तुम्ही मला तेच दाखवायचात. हे मी घरी स्वयंपाकघरात लावणार आहे, पण वेळ बरोबर लावणार आहे. कार्डावर हातपंप काढलाय. मी आले त्या पहिल्या दिवशी तो मला हापसता येत नव्हता, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीने मला शिकवलं. ती आता इथे पुढेच बसली आहे आणि खाली मान घालून हसते आहे. अपूर्णांक मी पहिल्या वर्षी फार घाईने शिकवले होते. त्या वर्षीच्या मुलांना ते जड गेले, चूक माझी होती. नंतर आपण भाकरीचे तुकडे करून शिकलो तेव्हा जमलं. भाकऱ्या तुमच्या घरच्या होत्या, त्यामुळे ते शिकवण्यात तुमच्या आयांचाही हात आहे. सहा वर्षं मला इथे फार बरं वाटलं. आता भात निवतो आहे, मी थांबते.”

हे बोलायला दीड मिनिटही लागत नाही. यात ‘कृतज्ञता’ हा शब्द नाही, ‘गुरू’ नाही, ‘घडवलं’ तर नाहीच. तरी समोरच्या प्रत्येक मुलाला कळतं की बाईंनी घड्याळ पाहिलं, कार्ड पाहिलं आणि आपल्यालाही पाहिलं होतं. उपदेशाला जागाच उरली नाही, कारण ती जागा हातपंपाने आणि भाकरीने घेतली. शिवाय हे भाषण दुसऱ्या कोणत्याही शाळेत करता येणार नाही. निरोपाचं उत्तर बरं जमलं आहे का, याची याहून सोपी कसोटी नाही: हेच भाषण शेजारच्या गावात चाललं असतं का? चाललं असतं, तर कागद बाजूला ठेवून पुन्हा बसावं.

त्या भाषणात बाई ‘मी काहीच केलं नाही’ असंही म्हणत नाहीत, याकडे लक्ष द्यायला हवं. नम्रतेचा हा आपल्याकडचा ठरलेला सूर आहे आणि तो फसवा आहे. मुलांनी आठ दिवस धडपडून भेट आणायची आणि समोरच्याने ‘मी या लायकीचा नाही’ म्हणायचं, म्हणजे मुलांचा अंदाजच चुकला असं ठरवायचं. त्यावर मुलांना, नाहीतर नंतर बोलणाऱ्या अध्यक्षांना, ‘नाही नाही, सर फारच थोर’ असं म्हणावं लागतं आणि नम्रतेतून आणखी एक सत्कार वसूल होतो. जे केलं ते नेमकं आणि त्याच्या मापाने सांगणं, जे चुकलं तेही सांगणं आणि दुसऱ्याचा हात लागला असेल तिथे त्याचं नाव घेणं, एवढ्याने नम्रता दिसते. ती वेगळी जाहीर करावी लागत नाही.

आता वर्गणीचं. हे नाजूक आहे आणि फार थोडे शिक्षक त्याचा विचार करून बोलतात. दहा-दहा, वीस-वीस रुपये गोळा होतात तेव्हा तीन-चार मुलांना ते देता येत नाहीत. वर्गात कोणी दिले आणि कोणी नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. गोळा करणाऱ्या मुलाच्या वहीत नावांपुढे बरोबरच्या खुणा असतात. व्यासपीठावरून ‘ज्यांनी ज्यांनी ही भेट दिली त्या सर्वांचे आभार’ असं वाक्य आलं की ती तीन-चार मुलं मान खाली घालतात. बोलणाऱ्याच्या ते गावीही नसतं. ‘सातवीने दिलेली भेट’ म्हटलं की प्रश्न मिटतो, कारण सातवीत सगळेच आले. कार्डावर कोणाच्या सह्या आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे मोठ्याने वाचून दाखवायचा मोहही याच कारणासाठी टाळलेला बरा.

मोठी माणसं निरोप देतात तेव्हा प्रश्न वेगळा होतो. गावाने अंगठी केली, माजी विद्यार्थ्यांनी रोख रकमेचं पाकीट दिलं, तर काय करायचं? सरकारी सेवेत याला नियमांची चौकट असते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वर्तणूक नियम आहेत. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी खासगी, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ त्यांना चालतो, पण त्यासाठी कोणावर वर्गणीचं दडपण आणणं चालत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनाही त्यांचे स्वतःचे वर्तणूक नियम आहेत. म्हणून अशी भेट घ्यायची नसेल, तर ते आधीच, चार माणसांत, आयोजकांना सांगावं. व्यासपीठावर सर्वांसमोर नाकारली की देणारे कानकोंडे होतात आणि नाकारणाऱ्याचा मोठेपणा उगाच उजळतो.

आणखी एक पद्धत अलीकडे बरीच दिसते. भेट हातात पडताच शिक्षक जाहीर करतात, ‘ही मी शाळेलाच अर्पण करतो.’ टाळ्या कडकडतात. रोख रक्कम असेल, तर त्यातून शाळेला कपाट किंवा पुस्तकं येतात, चांगलंच आहे. पण मुलांनी आणलेलं घड्याळ असेल तर तसं करू नये. ते बाईंच्या घरात टांगलं जाईल, तिथे टिकटिक करेल, बाई चहा करताना त्याच्याकडे बघतील, एवढं सगळं त्या मुलांनी मनात पाहिलेलं असतं. ते शाळेच्याच भिंतीवर लागलं तर त्यांच्या लेखी बाईंनी भेट घेतलीच नाही.

कधी कधी उत्तर द्यायला समोर मुलंच नसतात. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीच्या कितीतरी शिक्षकांची जन्मतारीख 1 जून आहे. जन्माची नोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, नाव घालताना तीच तारीख पडायची. वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्ती आणि पहिल्या तारखेचा जन्म, म्हणजे आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सेवा संपते: 31 मे. त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते, वर्गाला कुलूप असतं, पोरं मामाच्या गावाला गेलेली असतात. बदलीचंही तसंच. 2017 च्या धोरणानंतर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या. आदेश मोबाइलवर येतो, कार्यमुक्त व्हायला हाताशी मोजके दिवस असतात, आणि मुलांची भेट कोणाच्या तरी हाती नंतर पोचते. अशा भेटीला उत्तर लिहूनच द्यावं लागतं. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडलेलं चित्र टाकून भागतं, पण ते पालकांना पोचतं. वर्गाच्या पत्त्यावर आलेलं एक पानी पत्र फळ्याशेजारी चिकटवता येतं आणि ज्याला वाचायचंय त्याला चार वेळा वाचता येतं.

शिक्षकाने लिहिलेल्या अशा उत्तराचा एक नमुना जगभर वाचला गेला आहे. तो आपल्याकडचा नाही, अल्जीरियातला आहे, आणि भेट निरोपाच्या दिवशी नाही तर पस्तीस वर्षांनी आली होती. पण उत्तर कसं लिहावं हे त्याच्याइतकं उघड क्वचितच दिसतं.

अल्जिअर्स शहरातल्या बेलकूर या गरीब वस्तीतल्या प्राथमिक शाळेत लुई जेर्मां नावाचे मास्तर होते. त्यांच्या वर्गात आल्बेर काम्यू नावाचा मुलगा होता. वडील पहिल्या महायुद्धात 1914 साली गेले, तेव्हा मूल वर्षाचंही नव्हतं. आईला नीट ऐकू येत नसे, लिहिता-वाचता येत नसे. ती लोकांकडे धुणी-भांडी, साफसफाई करून घर चालवी. आजीचा विचार पोराला लवकर कामाला लावायचा होता. जेर्मां मास्तरांनी घरी जाऊन आजीचं मन वळवलं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी जादा तास घेतले, पैसे घेतले नाहीत. 1924 मध्ये मुलगा शिष्यवृत्ती मिळवून मोठ्या शाळेत गेला. 1957 मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. गडबड जरा ओसरल्यावर, 19 नोव्हेंबरला, त्यांनी मास्तरांना छोटंसं पत्र लिहिलं: बातमी कळली तेव्हा आईनंतर पहिली आठवण तुमची झाली.

हे पत्र सगळीकडे उद्धृत होतं. मास्तरांचं पत्र त्यामानाने कमी वाचलं जातं. काम्यूंवर ब्रिसव्हील नावाच्या लेखकाने पुस्तक लिहिलं होतं. त्याची लेखकाच्या सहीची प्रत काम्यूंनी मास्तरांना पाठवली. मास्तरांनी 30 एप्रिल 1959 रोजी उत्तर लिहिलं. संबोधन ‘लाडक्या पोरा’ अशा अर्थाचं आहे. पोराचं वय तेव्हा पंचेचाळीस होतं.

सुरुवातीलाच मास्तर कबूल करतात की पुस्तक अजून वाचलेलं नाही, पहिली काही पानंच झाली आहेत. भेट मिळाली की ती वापरली, वाचली, आवडली असं सांगण्याची घाई आपल्या सगळ्यांना होते. मास्तर तसं करत नाहीत. त्यांनी चित्रं मात्र बारकाईने पाहिली आहेत. त्यात काम्यूंच्या वडिलांचा फोटो आहे. मास्तर स्वतः त्याच महायुद्धात लढलेले. ज्या माणसाला आपण कायम आपला सोबती मानलं, त्याचा चेहरा या पुस्तकात पहिल्यांदा पाहिला आणि फार गलबललो, असं ते लिहितात. भेटीची याहून चांगली पोचपावती कोणती? देणाऱ्यालाही ठाऊक नसेल की त्या पुस्तकातली कोणती गोष्ट घेणाऱ्याच्या काळजाला जाऊन भिडणार आहे.

ते वर्गातल्या मुलाची आठवणही काढतात. शाळेत यायचा आनंद त्याच्या अंगावर कसा दिसायचा ते सांगतात. आणि एक गोष्ट सांगतात जी शिक्षकाला स्वतःबद्दल सांगणं अवघड असतं: तुझ्या घरची खरी परिस्थिती मला कळलीच नव्हती. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव घालायला तुझी आई आली तेव्हा कुठे अंदाज आला, आणि तेव्हा तर तू माझ्याकडून जायला निघाला होतास. तोवर तुझ्याकडे लागेल ती वस्तू असायची, भावासारखेच तुझेही कपडे नीटनेटके असायचे. तुझ्या आईचं याहून मोठं कौतुक मला करता येणार नाही.

हा परिच्छेद थांबून पाहण्यासारखा आहे. गरीब मुलाला वर काढणारा मास्तर ही त्यांची कीर्ती तोवर झाली होती. खुद्द नोबेल विजेत्याने ती करून दिली होती. त्यांनी ती नाकारली नाही, ‘मी कोण, मी तर निमित्तमात्र’ असंही म्हटलं नाही. गरिबी आपल्याला दिसलीच नाही, हे सांगितलं आणि ती दिसली नाही याचं सगळं श्रेय एका न शिकलेल्या बाईला दिलं.

मास्तर सल्लाही देतात. शेवटी मास्तरच ते. काम्यू तेव्हा दोस्तोयव्हस्कीच्या कादंबरीवरून केलेल्या नाटकाच्या व्यापात होते, आणखी कामं डोक्यावर घेत होते. तू तब्येतीला फार ताण देतोस, घरी बायको आणि दोन मुलं आहेत, असं मास्तर लिहितात. पण त्याआधी म्हाताऱ्या मित्राला एवढं बोलू दे म्हणून परवानगी मागतात, आणि सल्ला स्वतःच्या नावावर देत नाहीत. अध्यापक विद्यालयातले आमचे मुख्याध्यापक फार कडक होते, ते सांगायचे की निसर्ग एक मोठी वही ठेवतो आणि आपण केलेला प्रत्येक अतिरेक त्यात टिपतो. मी स्वतः कितीदा घसरायच्या बेतात होतो, तेव्हा या बोलण्याने सावरलं. उपदेश हाच, पण देणारा आधी स्वतः बाकावर जाऊन बसला आहे.

पत्र निर्दोष नाही. पुढे मास्तर आपल्या आवडत्या विषयावर येतात. धर्मनिरपेक्ष सरकारी शाळांवर चाललेल्या हल्ल्यांनी ते अस्वस्थ आहेत आणि त्यावर बराच मजकूर खर्च करतात. निवृत्त शिक्षकाच्या पत्रात असं एक पान असायचंच. पण त्यांना त्याचं भान आहे: चौथं पान संपत आलं, तुझा फार वेळ घेतला, माफ कर, असं म्हणून ते आवरतं घेतात. मग घरची खुशाली, घरातल्या एका तरुणाच्या लष्करी सेवेचा उद्या सत्ताविसावा महिना सुरू होतोय ही बातमी, आणि तुम्हा चौघांना आम्हा दोघांचं प्रेम. शेवटची ओळ आशीर्वादाची नाही, संदेशाची नाही. घरच्या पत्रात असते तशी आहे.

त्यानंतर आठ महिन्यांनी, 4 जानेवारी 1960 रोजी, काम्यू मोटार अपघातात गेले. अपघाताच्या जागी सापडलेल्या बॅगेत एका अपुऱ्या आत्मचरित्रात्मक कादंबरीची हाताने लिहिलेली 144 पानं होती. ती ‘पहिला माणूस’ अशा अर्थाच्या नावाने 1994 मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुस्तकाच्या शेवटी ही दोन्ही पत्रं छापली गेली, शिष्याचं आणि मास्तरांचं. कादंबरीतल्या मास्तरांचं नाव बेर्नार आहे. हस्तलिखितात मात्र काम्यूंच्या हातून मधेच खरं नाव लिहून गेलं आहे: जेर्मां.